‘मग बाई, इतकी वर्षं वह्या लाल कशाला केल्या?’

पत्र

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. या महिनाअखेरीस निवृत्त होते आहे. निरोप समारंभात पंधरा मिनिटं बोलायचं आहे. आभार आणि आठवणी सगळेच सांगतात. मला एकच गोष्ट सांगायची आहे: व्याकरण भाषेला हुकूम सोडत नाही, लोक कसे बोलतात ते पाहून त्याची नोंद ठेवतं. स्टाफरूममध्ये हे बोलले, तर एक सर म्हणाले, “मग बाई, इतकी वर्षं वह्या लाल कशाला केल्या?” मला पटकन उत्तर देता आलं नाही. समोर पाचवी ते दहावीची मुलं, पालक आणि संस्थेची मंडळी असतील. हे कसं मांडू?

— एक मराठीच्या बाई

उत्तर

बाई,

सुरुवात तत्त्वाने करू नका, फळ्याने करा. हॉलमध्ये फळा नसेल तर आदल्या दिवशी शिपायांना सांगून एक आणून ठेवा. मान्यवरांची नावं घेऊन झाली की खडू उचला आणि एकाखाली एक दोन ओळी लिहा: ‘तू काल चहा ____’ आणि ‘तू काल कॉफी ____’. पाचवीच्या मुलांना सांगा, ‘घेणे’चं रूप भरा. हात वर होण्याची वाट पाहावी लागणार नाही, अख्खा हॉल ओरडेल: ‘घेतलास’, ‘घेतलीस’. तुमच्याकडची काही मुलं नुसतंच ‘घेतला’, ‘घेतली’ म्हणतील. तेही बाजूला लिहा, पुसू नका.

मग मुलांना विचारा की हे कुणी शिकवलं. कॉफी स्त्रीलिंगी आहे हे कुठल्या धड्यात होतं? ‘तू’ आला की शेवटी ‘स’ लावायचा, हे कुणी पाठ करून घेतलं? पाचवीच्या मुलाने प्रयोग हा शब्द विज्ञानाच्या तासालाच ऐकलेला असतो. तरी ‘घेतलीस’ म्हणताना तो अडखळत नाही. नियम त्याच्याजवळ आधीच आहे, पुस्तक नंतर येतं. तुमच्या भाषणाचा कणा एवढाच आहे आणि तो तुम्ही न सांगता मुलांनीच सांगितलेला बरा.

आता ‘घेतलीस’ हे रूप जरा उकलून दाखवा. त्यातली ‘ली’ कॉफीमुळे आली, कारण चहा असता तर ‘ला’ आला असता. शेवटचा ‘स’ मात्र ‘तू’मुळे आला. म्हणजे एकच क्रियापद कर्माकडेही पाहतं आणि कर्त्याकडेही. दहावीच्या मुलांना तुम्ही तीन प्रयोग शिकवले आहेत. कर्तरीत क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं, कर्मणीत कर्माप्रमाणे, आणि भावेमध्ये दोघांनाही न जुमानता नपुंसकलिंगी एकवचनी राहतं. ‘तू कॉफी घेतलीस’ हे या तिन्हींपैकी कशातच नीट बसत नाही.

इथे थोडं थांबा, कारण तुमचं म्हणणं या जागी सिद्ध होतं. व्याकरणाचं काम हुकूम सोडण्याचं असतं, तर पुस्तकात असं वाक्य आलं असतं की क्रियापदाने एक काय ते धरावं, कर्ता तरी किंवा कर्म तरी, आणि ‘घेतलीस’ अशुद्ध समजावं. तसं कुठल्याच पुस्तकात नाही. आपल्या व्याकरणकारांनी पाहिलं की माणसं असं बोलतात आणि नेमाने बोलतात. म्हणून त्यांनी त्यासाठी आणखी एक कप्पा केला आणि त्याला कर्तृकर्मसंकर म्हटलं. ‘आईने मुलीला शाळेत घातली’ हे वाक्यही तसंच आहे. कर्माला ‘ला’ लागला म्हणजे क्रियापद ‘घातले’ व्हायला हवं, पण घराघरांत ‘घातली’ही ऐकू येतं. त्याला कर्मभावसंकर हे नाव मिळालं. रूढ झालेली चौकट आणि लोकांचं बोलणं जुळेना, तेव्हा बदलली ती चौकट.

हे उदाहरण मी मुद्दाम सुचवतो आहे. ते तुमच्या रोजच्या शालेय व्याकरणातलं आहे, त्यामुळे बाई निवृत्त होताना कुठलं तरी नवं खूळ घेऊन आल्या असं कुणाला म्हणता येणार नाही. संकर प्रयोग ज्याने शिकवला त्याने, नकळत का होईना, हेच शिकवलेलं असतं.

आता तुमच्या गावच्या बोलीकडे या. सोलापूर-लातूरकडच्या पोराच्या तोंडी जे वाक्य असतं आणि ज्याला बाहेरचे लोक हमखास हसतात, ते फळ्यावर लिहा: ‘मी पुस्तक वाचलो.’ कुणीतरी “कशातून वाचलास?” असं म्हणून वर्ग हसवतो, आणि ते पोर पुढे वर्षभर उत्तर द्यायला उभं राहत नाही. हे तुम्ही नक्की पाहिलं असेल. त्या वाक्याखाली प्रमाण मराठीतली ही दोन वाक्यं लिहा:

मी धडा वाचला.
मी धडा शिकलो.

कर्ता तोच, कर्म तेच आणि काळही तोच. मग एकीकडे ‘वाचला’ आणि दुसरीकडे ‘शिकलो’ असं का? अर्थात शोधून कारण सापडत नाही. व्याकरण इतकंच सांगतं की शिकणे, विसरणे, बोलणे अशी काही क्रियापदं कर्म असूनही भूतकाळात कर्त्यामागे जातात आणि बाकीची बहुतेक सकर्मक क्रियापदं कर्मामागे जातात. ही यादी आहे आणि ती लोकांच्या बोलण्यावरून केलेली आहे. पुण्याच्या मुलाला ती यादी कानाने मिळते. तुमच्या गावच्या मुलाच्या कानावर वेगळीच व्यवस्था पडते. त्याच्या बोलीत सगळीच क्रियापदं ‘शिकलो’च्या वाटेने जातात: मी शिकलो, मी वाचलो, मी काम केलो, मी भाकर खाल्लो. पलीकडे कन्नड आहे आणि तिथे क्रियापद कर्त्याप्रमाणेच चालतं. अनेक पिढ्या दोन भाषा एका बाजारात वावरल्या की अशी देवाणघेवाण होते. म्हणजे त्या पोराच्या वाक्यात नियमाचा अभाव नाही. तिथे दुसरा नियम आहे आणि आपल्यापेक्षा तो सोपा आहे, कारण त्याला अपवादांची यादी लागत नाही.

एक काळजी मात्र घ्या. हे सांगताना कुठल्याही मुलाला उभं करून त्याच्याकडून वाक्य वदवून घेऊ नका. वाक्य तुम्ही बोला, तुमच्या तोंडून.

आता त्या सरांचं उत्तर. ते भाषणात आलंच पाहिजे, कारण संस्थेच्या मंडळींच्या मनातही तोच प्रश्न असणार. माझ्या मते वहीतली लाल शाई तीन वेगळ्या गोष्टींवर पडते आणि आपण तिन्हींना ‘चूक’ हा एकच शब्द वापरतो. घोटाळा तिथे होतो.

पहिली खरोखरची चूक. घाईत पोराने ‘माझी बहीण काल आला’ लिहिलं. अशा ओळीवर नुसतं बोट ठेवा, काही बोलू नका. तो जीभ चावून स्वतःच ‘आली’ करतो. त्याच्याच भाषेचा नियम त्याच्याच हातून सुटला होता. लाल शाईने त्याला फक्त आठवण करून दिली.

दुसरी बोली. ‘मी पुस्तक वाचलो’वर बोट ठेवलं तर तो तुमच्याकडे पाहतो आणि म्हणतो, “बरोबरच आहे की, बाई.” त्याला दुरुस्त करण्यासारखं काही दिसतच नाही, कारण त्याच्या घरात ते बरोबरच आहे. पुढे तपासायचं असेल तर त्याच निबंधात अशी वाक्यं आणखी शोधा. ‘काम केलो’, ‘डबा खाल्लो’ अशी सगळीकडे तीच पद्धत दिसली तर ती बोली समजावी. एका ठिकाणी ‘केलो’, दुसऱ्या ठिकाणी ‘केलं’ असेल तर पोर दोन भाषांच्या मध्ये उभं आहे आणि प्रमाण भाषा शिकू लागलं आहे. अशा ओळीवर शाई पडते तेव्हा तिचा अर्थ इतकाच की बोर्डाची उत्तरपत्रिका, नोकरीचा अर्ज आणि वर्तमानपत्र ज्या मराठीत चालतं तिथे हे ‘वाचलं’ असं लिहितात. मुलाला हे सांगायलाच हवं. न सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे, कारण गुण देणारा माणूस त्याच्या गावचा नसतो. पण ते सांगताना ‘चुकीचं बोलतोस’ म्हणण्याची गरज नाही. शक्य असेल तर नव्या शिक्षकांना सुचवा की बोलीच्या अशा वाक्याखाली नुसती रेघ मारण्याऐवजी समासात प्रमाण रूप लिहावं.

तिसरी शुद्धलेखन, आणि इथे सरांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. लेखनाचे नियम हा खरंच हुकूम आहे. तो सर्वांनी मिळून मान्य केलेला आहे, पण हुकूमच. मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम 1962 साली लागू झाले आणि 1972 साली त्यांत आणखी 4 नियमांची भर पडली. त्याआधी ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’, ‘घरें’ असं लिहीत. ज्या अनुस्वारांचा उच्चार होत नव्हता ते काढून टाकायचे ठरलं आणि ‘नाव’, ‘पाच’, ‘काही’, ‘घरे’ झालं. म्हणजे पूर्वीच्या विद्यार्थ्याने ‘नाव’ लिहिलं असतं तर मास्तरांनी त्यावर टिंब दिलं असतं. आज ‘नांव’ लिहिलं तर तुम्ही ते खोडता. दोघंही आपापल्या जागी बरोबर. या साऱ्यात कुणाचा उच्चार मात्र तसूभर बदलला नाही. लिपीचे नियम बैठकीत ठरवता येतात. क्रियापद कुणामागे जाणार हे कुठल्या बैठकीने ठरवलेलं नाही, आणि ठरवलं असतं तरी लोकांनी मानलं नसतं.

म्हणून सरांना सांगा की लाल शाई वाया गेली नाही. पहिल्या आणि तिसऱ्या ठिकाणी ती हवीच होती. दुसऱ्या ठिकाणी शाई तीच, फक्त तिच्याबरोबर बोलायचं वाक्य वेगळं असायला हवं.

वारकरी घरांतले पालक समोर असतील, तर त्यांच्यासाठी आणखी एक उदाहरण घ्या, आणि ते तुकोबांचंच घ्या. ‘आपुलिया बळें नाहीं मी बोलत’ हा अभंग त्यांना पाठ असतो. त्यातच पुढे येतं, ‘काय म्यां पामरें बोलावीं उत्तरें’. एकाच अभंगात आधी ‘मी’ आणि मग ‘म्यां’. हे वृत्तासाठी केलेलं नाही. ‘मी बोलत नाही’मध्ये कर्ता प्रथमेत आहे. ‘म्यां उत्तरें बोलावीं’मध्ये तो तृतीयेत आहे, शेजारचं ‘पामरें’ही तृतीयेत आहे आणि क्रियापद ‘उत्तरें’मागे गेलं आहे. तुकोबांच्या मराठीत ही दोन रूपं वेगळी होती. ज्ञानेश्वरीतलं ‘मियां’ हे त्याच ‘म्यां’चं आधीचं रूप. एकोणिसाव्या शतकातल्या व्याकरणांत तृतीयेच्या रकान्यात ‘म्यां’ आणि ‘त्वां’ छापलेले दिसतात. आजच्या शालेय पुस्तकात त्याच रकान्यात ‘मी’ आणि ‘तू’ असतात.

मधल्या काळात कुणी फतवा काढला नाही. शिकलेल्या लोकांच्या बोलण्यातून ‘म्यां’ हळूहळू गेलं, त्याची जागा ‘मी’ने घेतली आणि व्याकरण लिहिणाऱ्यांनी आपला रकाना बदलला. खेड्यापाड्यांत मात्र ‘म्या केलं’, ‘म्या सांगितलं’ राहिलं. वर्गात एखादा मुलगा ‘म्या’ म्हणतो तेव्हा त्याला गावंढळ ठरवतात. तो बोलतो ते रूप तुकोबांच्या गाथेत आहे आणि जुन्या व्याकरणांच्या रकान्यातही आहे. हे सांगताना मुलांच्या आजी-आजोबांकडे पाहा. त्यांच्यातल्या अनेकांना हे आजवर कुणी सांगितलेलं नसेल.

शेवटी गोष्ट सांगायची असेल तर पतंजलीच्या महाभाष्यातली सांगा. ग्रंथ ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला. एक वैयाकरण एका रथापाशी येतो आणि विचारतो, “या रथाचा प्रवेता कोण?” पाणिनीच्या एका सूत्राप्रमाणे हाकणाऱ्यासाठी हाच शब्द निघतो. सारथी म्हणतो, “आयुष्मन्, मी याचा प्राजिता.” वैयाकरण लगेच म्हणतो, “हा अपशब्द आहे.” त्यावर सारथी जे ऐकवतो ते पतंजलीने जसंच्या तसं नोंदवून ठेवलं आहे: महाराजांना प्राप्ती कळते, पण इष्टी कळत नाही. नियम कुठवर पोचतो ते तुम्हाला माहीत आहे, पण बोलणाऱ्यांना कुठलं रूप हवं असतं ते माहीत नाही. वैयाकरण चिडून त्याला वाईट सारथी अशा अर्थाचा एक शब्द हाणतो, तर सारथी त्या शब्दाचीही व्युत्पत्ती चुकल्याचं त्याला दाखवून देतो. पतंजली सारथ्याच्या बाजूने आहे. सूत्रातून एक रूप निघतं आणि लोकांत दुसरं चालतं, तर सूत्राचा अर्थ लोकांतलं रूप बसेल असा लावायचा, असं त्याचं धोरण आहे.

ही गोष्ट सांगताना एक मर्यादा पाळा, नाहीतर संस्कृतचे सर तिथेच हरकत घेतील आणि ती योग्यच असेल. पतंजलीला ‘कुणीही काहीही बोला’ म्हणणारा ठरवू नका. त्याच महाभाष्यात गाईसाठी ‘गौः’ हा शुद्ध शब्द आणि ‘गावी’, ‘गोणी’, ‘गोता’ हे अपभ्रंश असं स्पष्ट सांगितलं आहे, आणि शुद्ध शब्द वापरण्यात पुण्य असल्याचंही तो मानतो. त्याच्यापुढे वापर होता तो शिष्टांचा, सगळ्यांचा नव्हे. रथ हाकणाऱ्याचं तो ऐकतो ते त्या सारथ्याचं संस्कृत चोख आहे म्हणून.

आणि हाच प्रश्न मराठीलाही लागू पडतो, तो टाळू नका. व्याकरण वापराची नोंद ठेवतं हे खरं, पण कुणाच्या वापराची? दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण 1836 सालचं, मोरो केशव दामल्यांचं 1911 सालचं. दोघांनी अफाट कष्टाने मराठी टिपली, पण त्यांच्यासमोर प्रामुख्याने शिकलेल्यांचीच मराठी होती. त्या नोंदीवरून शाळेची पुस्तकं झाली. पुस्तकांवरून परीक्षा झाल्या. परीक्षेत गुण जाऊ लागले, तेव्हा एका गटाच्या बोलण्याची नोंद इतरांसाठी हुकूम होऊन बसली. व्याकरणकाराने हुकूम सोडला नव्हता, तो आपल्या व्यवस्थेने त्याच्या नोंदीला चढवला. सरांना पडलेला प्रश्न इथून येतो, आणि तुम्हाला भाषणात हेच सांगायचं आहे असं मला पत्रावरून वाटलं. हे वाक्य तुमच्या शब्दांत लिहून काढा आणि कागदावर पाहून वाचा. बाकी सगळं फळ्याकडे पाहून बोललात तरी चालेल.

पंधरा मिनिटांत हे सगळं बसणार नाही. चहा-कॉफी आणि संकर प्रयोगाला चार मिनिटं द्या, ‘मी पुस्तक वाचलो’ला चार, आणि लाल शाईला चार. उरलेल्या तीन मिनिटांत तुकोबा किंवा सारथी यांपैकी एकच घ्या. पालक जास्त आले असतील तर तुकोबा, शिक्षक जास्त असतील तर सारथी. कुणाची नोंद हे वाक्य लाल शाईच्या भागात जोडून टाका. आभार आधीच उरकून घ्या, म्हणजे शेवटची मिनिटं मुलांच्या प्रश्नांना देता येतील. फळा मात्र कार्यक्रम संपेपर्यंत पुसू देऊ नका. ‘घेतली’ आणि ‘घेतलीस’ शेजारी शेजारी का लिहिलं, हे विचारायला दोन-चार मुलं नक्की तुमच्याजवळ येतील.